फिरवलेल्या क्रमवार अ‍ॅरेतला सर्वात लहान घटक: मधल्याची तुलना शेवटच्याशीच का करायची

चढत्या क्रमाने लावलेला एक अ‍ॅरे घ्या. त्याच्या सुरुवातीचे काही घटक, आपापसातला क्रम न बदलता, उचलून शेवटी नेऊन जोडा. जे तयार होतं त्याला फिरवलेला किंवा रोटेट केलेला क्रमवार अ‍ॅरे म्हणतात. किती घटक उचलले हे आपल्याला सांगितलेलं नाही. सगळे घटक वेगवेगळे आहेत, एकही मूल्य दोनदा येत नाही, एवढी हमी मात्र आहे. यातला सर्वात लहान घटक शोधायचा आहे, आणि तोही सगळा अ‍ॅरे न चाळता.

एकेक घटक बघत गेलं तर उत्तर मिळतंच, पण मग अ‍ॅरे जवळपास क्रमात आहे या माहितीचा काहीच उपयोग झाला नाही. बायनरी सर्चने तो उपयोग होतो. दहा लाख घटकांच्या अ‍ॅरेत जास्तीत जास्त २० तुलना पुरतात. कोड जेमतेम नऊ ओळींचा आहे, तरी तो लिहिताना लोक हमखास अडखळतात: `mid` की `mid - 1`, `<` की `<=`, पहिल्याशी तुलना की शेवटच्याशी. ही प्रत्येक निवड पाठ करता येते, पण पाठ केलेलं दोन महिन्यांनी उलटसुलट होतं. त्यापेक्षा एक प्रश्न नीट समजून घेतला की सगळ्या निवडी त्यातूनच निघतात. या लेखात मी तोच रस्ता धरणार आहे.

## आधी आकार डोळ्यांसमोर आणा

पुढचं सगळं या एका अ‍ॅरेवर बघू:

```
इंडेक्स:  0   1   2   3   4   5   6   7   8   9   10
घटक:    41  52  67  78  90   3   8  15  22  30   36
```

याचा आलेख काढला तर रेघ ४१ पासून ९० पर्यंत चढत जाते, तिथून एकदम ३ वर कोसळते आणि पुन्हा ३६ पर्यंत चढते. म्हणजे दोन चढ आणि मध्ये एक कडा. कड्याच्या डावीकडच्या भागाला मी डावा चढ म्हणेन, उजवीकडच्या भागाला उजवा चढ. आपल्याला हवा असलेला घटक म्हणजे उजव्या चढाची पहिली पायरी.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते, आणि सगळी पद्धत तिच्यावरच उभी आहे. डाव्या चढावरचा प्रत्येक घटक उजव्या चढावरच्या प्रत्येक घटकापेक्षा मोठा असतो. ४१ हा डाव्या चढावरचा सर्वात लहान, ३६ हा उजव्या चढावरचा सर्वात मोठा, आणि तरीही ४१ मोठा. हा योगायोग नाही. मूळ क्रमात ३६ नंतर लगेच ४१ होता. फिरवण्यापूर्वी उजवा चढ पुढे होता आणि डावा त्याच्या मागे.

आता अ‍ॅरेतल्या प्रत्येक घटकाला एकच प्रश्न विचारा: तू शेवटच्या घटकापेक्षा मोठा नाहीस ना? म्हणजे इथे, तू ३६ किंवा त्याहून लहान आहेस का?

```
घटक:    41    52    67    78    90    3   8   15  22  30  36
उत्तर:  नाही  नाही  नाही  नाही  नाही  हो  हो  हो  हो  हो  हो
```

आधी सगळे ‘नाही’, मग सगळे ‘हो’, मध्ये कुठेही सरमिसळ नाही. आपल्याला पहिला ‘हो’ हवा आहे. अ‍ॅरे स्वतः क्रमात नसला तरी उत्तरांची ही ओळ क्रमात आहे, आणि बायनरी सर्चला तेवढंच लागतं.

अ‍ॅरे मुळीच फिरवलेला नसेल तर? तेव्हा शेवटचा घटक सर्वात मोठा असतो, त्यामुळे सगळीच उत्तरं ‘हो’ येतात आणि पहिला ‘हो’ शून्याव्या इंडेक्सवर असतो. सर्वात लहान घटकही तिथेच असतो. या स्थितीसाठी वेगळी अट लिहावी लागली नाही, हे ध्यानात ठेवा. पहिल्या घटकाशी तुलना केली की हे सुख राहत नाही. ते पुढे बघू.

आणखी एक खात्री: निदान एक ‘हो’ असणारच. शेवटचा घटक स्वतःपेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून त्याचं उत्तर नेहमी ‘हो’. शोध रिकाम्या हाताने परत येण्याची शक्यताच उरत नाही.

## कोड

```python
def min_index(a):
    lo, hi = 0, len(a) - 1
    while lo < hi:
        mid = lo + (hi - lo) // 2
        if a[mid] > a[hi]:
            lo = mid + 1
        else:
            hi = mid
    return lo
```

फंक्शन इंडेक्स परत देतं, मूल्य नाही; मूल्य हवं तर `a[min_index(a)]`. मी इंडेक्सच परत देणं पसंत करतो, कारण त्यातून जास्त कळतं. तो इंडेक्स म्हणजे अ‍ॅरे उजवीकडे किती घरं सरकला आहे याचा आकडा. शिवाय त्या इंडेक्सला `p` आणि अ‍ॅरेच्या लांबीला `n` म्हटलं की मूळ क्रमातला `i` क्रमांकाचा घटक `a[(p + i) % n]` इथे सापडतो, मग फिरवलेल्या अ‍ॅरेत एखादं ठरावीक मूल्य साध्या बायनरी सर्चने शोधता येतं.

अ‍ॅरे रिकामा असेल तर सर्वात लहान घटकच नसतो. वरचं फंक्शन तेव्हा शून्य परत देईल, आणि `a[0]` वाचताना कॉल करणाऱ्याकडे एरर येईल. रिकामा अ‍ॅरे येण्याची शक्यता असेल तर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत तसं तपासून स्पष्ट एरर द्या.

## प्रत्येक ओळ तशीच का आहे

`lo` आणि `hi` यांच्यात, दोन्ही टोकं धरून, पहिला ‘हो’ कुठेतरी आहे: हे वचन लूपच्या प्रत्येक फेरीत पाळलं जातं. `lo` ते `hi` या भागाला मी खिडकी म्हणेन. सुरुवातीला खिडकी म्हणजे अख्खा अ‍ॅरे, त्यामुळे वचन खरंच आहे. पुढे ते मोडू न देता खिडकी लहान करत जायची, एवढंच काम.

`a[mid] > a[hi]` खरं ठरलं तर `mid` चं उत्तर ‘नाही’. मग `mid` सुद्धा गेला आणि त्याच्या डावीकडचे सगळेही गेले, कारण ‘नाही’च्या डावीकडे ‘नाही’च असतात. पहिला ‘हो’ `mid + 1` किंवा त्यापुढे आहे. म्हणून `lo = mid + 1`. `mid` ला खिडकीत ठेवण्याचं काही कारणच उरत नाही.

तुलना खोटी ठरली तर `mid` चं उत्तर ‘हो’. पण हा पहिला ‘हो’ आहे का, हे आपल्याला माहीत नाही. असूही शकतो. म्हणून त्याच्या उजवीकडचे सगळे टाकायचे आणि त्याला स्वतःला मात्र ठेवायचं: `hi = mid`. इथे `mid - 1` लिहिणारा नेमका तोच घटक फेकून देण्याचा धोका पत्करतो, जो शोधायला तो निघाला आहे.

एका बाजूला `+ 1` आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, ही विषमता बघून हात शिवशिवतो. दोन्हीकडे सारखं लिहावंसं वाटतं. पण प्रश्नच विषम आहे. ‘नाही’ म्हणणारा घटक उत्तर कधीच नसतो, ‘हो’ म्हणणारा असू शकतो. कोड तेवढंच सांगतो.

प्रश्न ठरवताना आपण तुलना अ‍ॅरेच्या अगदी शेवटच्या घटकाशी केली होती, कोडमध्ये मात्र `a[hi]` आहे, आणि `hi` तर सरकत राहतो. मग उत्तर बदलत नाही का? नाही. `hi` फक्त ‘हो’ म्हणणाऱ्या जागेवरच सरकतो, म्हणजे तो कायम उजव्या चढावरच असतो. `mid` डाव्या चढावर असेल तर तो उजव्या चढावरच्या कुठल्याही घटकापेक्षा मोठाच, मग तो शेवटचा असो वा मधला. `mid` उजव्या चढावर असेल तर तो `hi` च्या डावीकडे आहे, म्हणून लहानच. दोन्ही वेळा निकाल तोच येतो. हवं तर `a[-1]` एकदाच एका व्हेरिएबलमध्ये ठेवून त्याच्याशी तुलना करा. कोड तितकाच बरोबर राहील. पहिल्यांदा शिकणाऱ्याने तसंच लिहावं असं मला वाटतं, कारण प्रश्न तिथे उघड दिसतो.

आता लूपची अट. `lo < hi` म्हणजे खिडकीत निदान दोन घटक आहेत. एकच उरला की वचनानुसार तोच पहिला ‘हो’, मग विचारायला काही राहत नाही. `lo <= hi` लिहिलं तर एका घटकाच्या खिडकीतही लूप शिरेल, `mid` आणि `hi` एकच असतील, घटकाची तुलना स्वतःशी होईल, ती खोटी ठरेल, `hi = mid` होईल, म्हणजे काहीच बदलणार नाही. कार्यक्रम तिथेच गरगरत राहील.

लूप संपतोच याची खात्री `mid` च्या खाली गोल करण्यातून येते. `//` मुळे `mid` डावीकडे झुकतो. `lo < hi` असेपर्यंत तो `hi` पेक्षा नेहमी लहान राहतो. म्हणून `hi = mid` केल्यावर खिडकी खरोखर आकसते, आणि `lo = mid + 1` ने तर आकसतेच. `mid` आणि `hi` कधीच एक होत नाहीत याचा दुसराही फायदा आहे: घटक वेगवेगळे असल्यामुळे `a[mid]` आणि `a[hi]` कधी समान येत नाहीत. तुलनेत बरोबरीचा तिसरा रस्ताच नाही.

`mid` काढताना `(lo + hi) // 2` असं का नाही? पायथनमध्ये दोन्ही चालतात, कारण तिथे पूर्णांक हवा तेवढा मोठा होऊ शकतो. जावा किंवा सी-मध्ये ३२ बिटांचा पूर्णांक २१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. फार मोठ्या अ‍ॅरेत बेरीज त्यापलीकडे गेली तर जावात `mid` ऋण येतो. ही भीती कागदी नाही. तो कोड ज्यांनी लिहिला होता त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये जाहीरपणे लिहिलं की जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये हीच चूक सुमारे नऊ वर्षं होती. वजाबाकीचं रूप कुठल्याही भाषेत सुरक्षित आहे, म्हणून तेच हाताला लावून घ्यावं.

## एक शोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत

वरचाच अ‍ॅरे, ११ घटक. `lo` शून्यावर, `hi` दहावर.

पहिली फेरी: `mid` पाचवर येतो. `a[5]` म्हणजे ३, `a[10]` म्हणजे ३६. ३ मोठा नाही, म्हणून `hi` पाचवर येतो.

जरा थांबून बघा काय झालं ते. पहिल्याच फेरीत आपण थेट सर्वात लहान घटकावर बोट ठेवलं, आणि कोडला त्याचा पत्ताही नाही. ३ हा ३६ पेक्षा मोठा नाही, एवढंच त्याला कळलं. ८ किंवा १५ असता तरी त्याने हेच केलं असतं. म्हणूनच ३ खिडकीत राहणं आवश्यक होतं. `hi = mid - 1` असतं तर ३ इथेच गेला असता आणि उरलेल्या फेऱ्या डाव्या चढावर वणवण करण्यात गेल्या असत्या.

दुसरी फेरी: खिडकी शून्य ते पाच, `mid` दोनवर. `a[2]` म्हणजे ६७, `a[5]` म्हणजे ३. ६७ मोठा, म्हणून `lo` तीनवर.

तिसरी फेरी: खिडकी तीन ते पाच, `mid` चारवर. ९० हा ३ पेक्षा मोठा, म्हणून `lo` पाचवर. `lo` आणि `hi` दोन्ही पाच झाले, लूप थांबला. उत्तर इंडेक्स ५, घटक ३. अ‍ॅरे पाच घरं सरकलेला होता, तेही कळलं.

पहिल्या फेरीतच थांबता आलं असतं, असं इथे वाटू शकतं. `a[mid]` हा त्याच्या डाव्या शेजाऱ्यापेक्षा लहान असेल तर कडा सापडला, लगेच परत या, अशी अट बरेच जण घालतात. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. ती अट प्रत्येक फेरीत एक तुलना वाढवते, `mid` शून्य असताना डावा शेजारीच नसतो त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते, आणि बदल्यात क्वचितच एखाद-दोन फेऱ्या वाचतात. फेऱ्या मुळातच इतक्या कमी आहेत की तो व्यवहार परवडत नाही.

न फिरवलेल्या अ‍ॅरेचीही एक झलक बघू: `[3, 8, 15, 22, 30, 36, 41]`. `mid` तीनवर, २२ हा ४१ पेक्षा मोठा नाही, `hi` तीनवर. मग `mid` एकवर, ८ विरुद्ध २२, `hi` एकवर. मग `mid` शून्यावर, ३ विरुद्ध ८, `hi` शून्यावर. उत्तर इंडेक्स ०. प्रत्येक वेळी ‘हो’ आलं आणि खिडकी डावीकडे सरकत सरकत पहिल्या घटकाला येऊन भिडली.

## पहिल्या घटकाशी तुलना केली तर

सममितीने विचार केला तर पहिला आणि शेवटचा यांत फरक नसायला हवा. बरेच जण आधी पहिल्याशीच तुलना करून बघतात, कारण डोकं डावीकडून उजवीकडे चालतं. त्यांचा विचार असा असतो: `a[mid]` हा `a[lo]` पेक्षा मोठा असेल तर डावा अर्धा भाग क्रमात आहे, म्हणजे कडा उजवीकडे, म्हणून उजवीकडे जा.

यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं नाही. डावा अर्धा भाग क्रमात आहे यावरून एवढंच कळतं की कडा त्या भागात नाही. तो उजवीकडे असेलच असं नाही. मुळात कडाच नसेल. `[1, 2, 3]` घ्या. `mid` एकवर, २ हा १ पेक्षा मोठा, म्हणून उजवीकडे गेलो आणि ३ हे उत्तर घेऊन आलो. खरं उत्तर मागे पडलेलं १. `[2, 3, 1]` मध्येही मधला घटक पहिल्यापेक्षा मोठाच आहे, आणि तिथे मात्र उजवीकडेच जायला हवं. तुलनेचा निकाल तोच, पण जाण्याच्या दिशा दोन. म्हणजे या तुलनेत निर्णय घेण्याइतकी माहितीच नाही.

शेवटच्या घटकाशी तुलना केली की हे होत नाही, कारण आपण शोधतो तो घटक नेहमी शेवटच्या घटकाच्याच चढावर असतो. पहिल्या घटकाच्या चढावर तो असेल की नाही, हे अ‍ॅरे फिरवला आहे की नाही यावर ठरतं.

आधीच `a[0] < a[-1]` तपासून न फिरवलेला अ‍ॅरे वेगळा काढला की भागेल, असं काहींना वाटतं. तुलना सरकत्या `a[lo]` शी असेल तर तेवढ्याने भागत नाही. शोध सुरू असताना खिडकी कड्याच्या उजवीकडे जाऊ शकते, आणि मग खिडकीच आतून क्रमात असते. तोच पेच पुन्हा उभा राहतो. ती तपासणी प्रत्येक फेरीत करावी लागते. शिवाय `mid` डावीकडे झुकतो म्हणून दोन घटकांच्या खिडकीत `mid` आणि `lo` एकच होतात. घटकाची तुलना स्वतःशीच होते आणि त्यातून काहीच कळत नाही.

पहिल्या घटकाशी तुलना करून बरोबर कोड लिहिता येतोच. `a[0]` कायम धरून ‘तू पहिल्यापेक्षा लहान आहेस का?’ असं विचारा. पहिला ‘हो’ जिथे आहे तिथे उत्तर, आणि एकही ‘हो’ नसेल तर उत्तर इंडेक्स शून्य. पण ती शेवटची अट हाताने लिहावी लागते, आणि हाताने लिहायची अट विसरता येते.

## चूक झाली आहे हे कसं ओळखायचं

या कोडमधल्या नेहमीच्या चुका तीन घटकांच्या आत उघड्या पडतात, हे फार सोयीचं आहे. कारण खिडकी कितीही मोठी असली तरी शेवटी दोन-तीन घटकांची होतेच, आणि चुका तिथेच दडलेल्या असतात.

`lo <= hi` ही चूक एका घटकाच्या अ‍ॅरेतच कळते: कार्यक्रम परतच येत नाही. `lo = mid` ही चूक `[2, 1]` वर कळते. `mid` शून्यावर, २ हा १ पेक्षा मोठा, `lo` पुन्हा शून्यावर, आणि हे असंच अखंड चालू. `hi = mid - 1` मात्र जास्त लबाड आहे. दोन घटकांच्या दोन्ही अ‍ॅरेंवर तिचं उत्तर बरोबर येतं. `[3, 1, 2]` वर ती पकडली जाते: `mid` एकवर, १ हा २ पेक्षा मोठा नाही, `hi` शून्यावर, लूप संपला, उत्तर ३. म्हणून दोन घटकांवर तपासून समाधान मानू नका.

म्हणजे लक्षणं दोन प्रकारची. कार्यक्रम अडकला तर खिडकी आकसत नाहीये. `lo` आणि `hi` प्रत्येक फेरीत छापा, एकच जोडी पुन्हा पुन्हा दिसेल. कार्यक्रम संपला पण उत्तर चुकीचं आलं, तर एखाद्या फेरीत खरं उत्तर खिडकीबाहेर फेकलं गेलं. ती फेरी शोधायची.

या समस्येत चाचणी संपूर्ण घेता येते, आणि ते भाग्य दर वेळी लाभत नाही. आपला कोड घटकांची फक्त तुलना करतो. मूल्यं किती मोठी आहेत, त्यांच्यात किती अंतर आहे, याने त्याला काहीच फरक पडत नाही. म्हणून `n` लांबीसाठी खऱ्या अर्थाने वेगळे अ‍ॅरे फक्त `n` च असतात, प्रत्येक फिरवणीचा एक. आठ लांबीपर्यंतचे सगळे मिळून ३६:

```python
for n in range(1, 9):
    base = list(range(10, 10 + n))
    for k in range(n):
        a = base[k:] + base[:k]
        print(a)
        assert a[min_index(a)] == 10
```

`print` मुद्दाम आधी ठेवला आहे. कोड अडकला तर `assert` पर्यंत पोहोचणारच नाही; स्क्रीनवर शेवटी दिसणारा अ‍ॅरे हाच गुन्हेगार.

## हमी मोडली तर

हे फंक्शन समोरच्या अ‍ॅरेवर विश्वास ठेवून चालतं. अ‍ॅरे फिरवलेला क्रमवार नसेल तर ते तक्रार करणार नाही, गुपचूप काहीतरी परत देईल. `[1, 9, 2, 3]` दिलं तर ९ हा ३ पेक्षा मोठा म्हणून ते उजवीकडे जातं आणि २ परत देतं. आत तपासणी घालावी असं वाटेल, पण अ‍ॅरे खरोखर फिरवलेला क्रमवार आहे का हे पाहायला सगळे घटक बघावे लागतात, आणि ते करायचंच असेल तर सर्वात लहान घटक त्याच फेरीत मिळाला असता. ही तपासणी डेटा जिथे तयार होतो तिथे करा. ती सोपी आहे: शेवटच्या घटकानंतर पुन्हा पहिला घटक येतो असं समजून गोल फिरा, आणि पुढचा घटक मागच्यापेक्षा लहान आहे असं किती वेळा होतं ते मोजा. दोन किंवा जास्त वेगवेगळे घटक असतील तर ते नेमकं एकदाच व्हायला हवं.

प्रत्यक्षात जास्त वेळा मोडणारी हमी म्हणजे घटक वेगवेगळे असण्याची. `[1, 1, 1, 0, 1]` बघा. `mid` दोनवर, १ विरुद्ध १. मोठा नाही, म्हणून `hi` दोनवर आला आणि शून्य खिडकीबाहेर गेला. उत्तर १, चुकीचं. `[1, 0, 1, 1, 1]` मध्ये तुलना अगदी हीच होते आणि तिथे डावीकडेच जायला हवं. बरोबरी आली की दिशा कळत नाही.

पुनरावृत्ती असू शकत असेल तर बरोबरीला वेगळी फांदी द्यावी लागते:

```python
if a[mid] > a[hi]:
    lo = mid + 1
elif a[mid] < a[hi]:
    hi = mid
else:
    hi -= 1
```

`hi -= 1` ने सर्वात लहान मूल्य हातचं जात नाही, कारण `a[hi]` एवढंच मूल्य `mid` वर अजून खिडकीत आहे. पण एका फेरीत एकच घटक कमी होतो, म्हणून वाईटात वाईट स्थितीत O(log n) ऐवजी O(n) वेळ लागतो. यावर कुठलीही हुशारी चालत नाही. सगळे १ आणि कुठेतरी एकच ० असा अ‍ॅरे घ्या. ० कुठेही असला तरी तो फिरवलेला क्रमवार अ‍ॅरेच असतो. ज्या जागा बघितल्या तिथे १ मिळाले, तर न बघितलेल्या कुठल्याही जागी ० असू शकतो. सगळ्या बघितल्याशिवाय सुटका नाही.

एक बारीक गोष्ट इथे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या बदललेल्या कोडचं मूल्य बरोबर असतं, पण इंडेक्स कड्याची जागा दाखवेलच असं नाही. `[1, 1, 3, 1]` हा `[1, 1, 1, 3]` फिरवून झालेला आहे आणि कडा ३ नंतर, म्हणजे इंडेक्स ३ वर आहे. पहिल्या फेरीत १ आणि १ बरोबर आले, `hi` दोनवर सरकला आणि कड्याची जागा खिडकीबाहेर गेली. मग १ हा ३ पेक्षा लहान म्हणून `hi` एकवर, पुन्हा बरोबरी म्हणून शून्यावर. उत्तर इंडेक्स ०, मूल्य १. मूल्य खरं आहे, पण अ‍ॅरे शून्य घरं सरकलाय असं समजून त्यावर `a[(p + i) % n]` वापरलंत तर १, १, ३, १ असा क्रम मिळेल. पुनरावृत्ती असलेल्या अ‍ॅरेत या फंक्शनकडून फक्त मूल्य घ्या.